पाऊचचं दूध दुसऱ्या दिवशी फाटतंय: सील, कोल्ड रूम की गाडी?

येरळाकाठ
नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यात आमची छोटी डेअरी आहे. दिवसाला साधारण दोन हजार लिटर गाईचं दूध, सगळं अर्ध्या लिटरच्या पिशवीत. मोठं पाश्चरायझर नाही. ५०० लिटरच्या व्हॅटमध्ये ६३ अंशाला अर्धा तास धरतो, विहिरीच्या पाण्याच्या कूलरवर ३५ पर्यंत आणतो, मग आईस बँकेच्या, म्हणजे बर्फ धरून ठेवणाऱ्या टाकीच्या, पाण्यावर चिलरमधून काढून पॅकिंगला. संध्याकाळी सहाला पॅकिंग सुरू होतं, साडेनऊपर्यंत चालतं. पहाटे अडीचला गाडी सुटते, मिरज आणि सांगलीच्या लाईन.

हिवाळ्यात एक तक्रार नव्हती. एप्रिल लागला आणि फोन सुरू झाले. पहिल्या दिवशी दूध छान, चहा होतो, दही लागतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तापवायला ठेवलं की फाटतं. सगळ्यांचं नाही. एकाच गल्लीत एकाचं चांगलं, शेजारच्याचं फाटलेलं. पिशवीवर आम्ही "पॅकिंगपासून दोन दिवस, ८ अंशाखाली ठेवा" असं छापतो.

फॉस्फटेज टेस्ट रोज करतो, निगेटिव्ह येते. आंबटपणा ०.१४. कोल्ड रूमचा डिस्प्ले ३ अंश दाखवतो. मला संशय सीलचा आहे, कारण क्रेटच्या तळाशी थोडं दूध साचलेलं दिसतं. फिल्म बदलावी का? कुठली घ्यावी? अनुभव असणाऱ्यांनी सांगा, दुकानदार रोज रिटर्न देतायत.

बारामतीचा दूधवाला
दादा, ६३ वर आता भागत नाही. उन्हाळ्यात कच्च्या दुधातच जंतू जास्त असतात. आम्ही ८० ला नेतो, दहा मिनिटं धरतो. व्हॅटमध्ये होतं की. सगळं मरतं, दूध टिकतं. फिल्मच्या मागे लागू नका.

मृण्मयी ठाणे
आमच्याकडेही असंच होतं, पण आम्ही दूध नामांकित डेअरीचं घेतो. आल्याचा चहा करताना दूध फाटतं. आलं आधी उकळून घेतलं की नाही फाटत. तुमच्या गिऱ्हाइकांना हे विचारून बघा ना, कदाचित दुधाचा दोष नसेलही.

येरळाकाठ
मृण्मयीताई, आल्याचं बरोबर आहे, पण इथे साधं दूध पातेल्यात ठेवलं तरी फाटतंय. बारामतीकर, ८० ला नेऊन बघतो, पण गॅसचा खर्च वाढेल.

भास्करराव
थांबा, ८० ला नेण्याआधी जरा बोलू. मी दूध संघाच्या लॅबमध्ये नोकरी केली, आता घरी असतो.

फॉस्फटेज निगेटिव्ह येतंय, म्हणजे तापवणं पुरेसं झालंय आणि कच्चं दूध कुठून मिसळत नाहीये. ही टेस्ट एवढंच सांगते. त्यानंतर दूध ज्या पाइपातून, टाकीतून आणि नोझलमधून जातं तिथे काय घडलं, ते तिला कळत नाही. पाऊचचं दूध लवकर जातं त्याची कारणं बहुतेक वेळा तापवल्यानंतरच्या वाटेवरच सापडतात. ८० ला नेलं तरी पुढची घाण तशीच राहणार आणि तापवलेल्या दुधात पुन्हा मिसळणार.

बारामतीकरांचं अर्धं खरं आहे. जास्त तापवलं की जास्त जंतू मरतात. पण बीजाणू करणारे जंतू ८० ला मरत नाहीत, उलट त्या उष्णतेने त्यातले बरेच जागे होतात. पुढे दूध गार राहिलं नाही तर तेच वाढतात, आणि तेव्हा आंबट न होताच दूध फुटतं. शिवाय दहा मिनिटं ८० ला धरलेल्या दुधाला उकळल्याची चव येते, ती गिऱ्हाइकाला लगेच कळते.

येरळाकाठ, मला तीन गोष्टी सांगा. फाटलेल्या दुधाला वास आंबट आहे का? पिशवी फुगलेली होती का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, फाटलेल्या पिशव्या पॅकिंगच्या सुरुवातीच्या होत्या की शेवटच्या? पिशवीवर वेळ किंवा बॅच छापता का?

येरळाकाठ
वास थोडा आंबट, काहींना "कडवट" लागलं. फुगलेली पिशवी एक-दोनदाच आली. व्हॅटचा नंबर छापतो, १ ते ४. रिटर्न आलेल्या पिशव्या आत्ता कचऱ्यातून काढून बघितल्या. जवळजवळ सगळ्या ४ नंबरच्या, थोड्या ३ च्या. १ ची एकही नाही. हे माझ्या लक्षातच आलं नसतं.

भास्करराव
मग फिल्म खराब असण्याची शक्यता कमी झाली. रोल खराब असता तर चारही व्हॅटच्या पिशव्या सारख्याच गेल्या असत्या. रात्र चढते तसं काहीतरी बिघडतंय.

आता कोल्ड रूमचा डिस्प्ले विसरा. त्याचा सेन्सर पंख्याजवळ असतो, तो हवेचं तापमान सांगतो. आपल्याला दुधाचं हवंय. पिशवी न फोडता ते असं मोजा: शेजारशेजारच्या दोन पिशव्या घ्या, मध्ये डिजिटल थर्मामीटरची काडी ठेवा, दोन्ही पिशव्या तिच्याभोवती घट्ट दाबा आणि आकडा स्थिर होईपर्यंत धरा. दोन-तीन मिनिटं लागतात. त्याआधी काडी कुटलेल्या बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्य दाखवते का ते बघा. एक-दीड अंशाने चुकणारे थर्मामीटर बाजारात ढिगाने मिळतात.

मशिनखालून पडणारी पिशवी दर अर्ध्या तासाने मोजा. आणि गाडी भरताना ४ नंबरच्या थप्पीतलं मधलं क्रेट काढून मोजा. वरचं नको, मधलंच.

सुनील फिटर
मी पाऊच मशिनचीच कामं करतो, सातारा ते बेळगाव पट्टा. क्रेटच्या तळाशी दूध दिसतंय म्हणजे सीलही बघायलाच पाहिजे, भास्करराव. दोन दुखणी एकदम असू शकतात.

दादा, लीक पिशवी उभ्या सीलला गळते की आडव्या? उभं सील गळत असेल तर सहसा पट्टीवरचं टेफ्लॉन जळालेलं असतं नाहीतर फिल्म एका बाजूला सरकलेली असते. आडवं गळत असेल तर जॉच्या, म्हणजे ते सील दाबणाऱ्या जबड्याच्या, पाण्याकडे बघा. खालचं सील लागल्या लागल्या त्याच्यावर अर्धा लिटर दूध आदळतं. जॉमधलं थंड पाणी बरोबर फिरत नसेल तर सील अजून मऊ असतानाच वजन पडतं, ते ताणतं आणि बारीक छिद्रं राहतात.

हाताने ओळखायचं असेल तर पिशवी रिकामी करून धुवा आणि सील दोन बोटांनी ओढा. कागद चिकटवल्यासारखं सरळ उघडलं तर उष्णता कमी पडतीय. सीलला लागूनच कडेला फाटलं आणि तिथे प्लॅस्टिक पातळ झालेलं दिसलं तर उष्णता जास्त आहे. फिल्म आधी लांबली पाहिजे, सील जागेवर राहिलं पाहिजे. बारीक गळती बघायला पिशवी एका टोकाला कापा, आत शाई घातलेलं पाणी आणि साबणाचा एक थेंब टाका, पांढऱ्या कागदावर सीलवर उभी धरा. काही मिनिटांत कागदावर ठिपका आला की गळती आहे.

आणखी एक, रात्री तुमच्याकडे व्होल्टेज किती असतं? पट्टी निक्रोमची असते, व्होल्टेज पडलं की तिची उष्णता लगेच पडते. ऑपरेटर मग वेळेचं बटन वाढवतो, आणि व्होल्टेज परत आलं की त्याच सेटिंगवर सील जळतं. जनरेटरवर गेलात की पुन्हा वेगळंच. गावाकडच्या निम्म्या लीकेजचं मूळ वायरीत असतं.

स्नेहल नेदरलँड्स
इथे फ्रिजमधल्या साध्या पाश्चराइज्ड दुधावर आठवडाभराची तारीख असते. कार्टनमध्ये असतं, टेट्रापॅकसारखं बाहेर ठेवायचं दूध नाही. मग आपल्याकडे दोनच दिवस का? पिशवीमुळे का?

भास्करराव
स्नेहलताई, पिशवीमुळे फारसं नाही. तिकडे गोठ्यावरच दूध गार होतं, तापवल्यानंतर भरेपर्यंत बंद लाईन असते आणि दुकानातही ते गारच राहतं. आपल्याकडे सगळं नीट झालं तरी शेवटचे दोन तास पिशवी दाराच्या कडीला लटकते. दोन दिवस ही तारीख त्या सगळ्या वाटेचा हिशेब धरून आहे.

ढोबळ हिशेब सांगतो. तापवल्यानंतर दर मिलिलिटरमध्ये दहाच जंतू मिसळले असं धरू. ते दहावरून एक कोटीवर जायला साधारण वीस वेळा दुप्पट व्हावं लागतं, आणि तिथे दूध फाटायच्या आसपास येतं. ३० अंशाला काही जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतात, म्हणजे दहा तासांत खेळ संपला. १० अंशाला दुप्पट व्हायला चारेक तास लागतात, म्हणजे तीन दिवस. ४-५ अंशाला आणखी बराच जास्त वेळ. जंतूंच्या जातीप्रमाणे आकडे बदलतात, पण तापमानाचा फरक केवढा पडतो ते यावरून दिसतं. आणि दहाऐवजी हजार मिसळले तर वीसपैकी सहा-सात दुप्पट होणं आधीच उरकलेलं असतं. म्हणून किती जंतू मिसळले आणि दूध किती गार राहिलं, दोन्ही बघायचं.

पहाटपाळी
मी मिरजेत एजंट आहे, तीन डेअऱ्यांचा माल घेतो. आमच्या बाजूने लिहितो. सगळे म्हणतात एजंट दूध उन्हात ठेवतो. पहाटे चारला कुठलं ऊन? पण गाडीवाला क्रेट फुटपाथवर टाकून पुढे जातो, लाईनची पोरं पावणेपाचला येतात, मोजून पिशव्या घेतात, तोवर क्रेट उघडंच. एप्रिलमध्ये पहाटेही २५-२६ असतं. मी ओली पोती टाकतो. मे महिन्यात बर्फ फोडून वरच्या क्रेटवर टाकतो, त्याने फरक पडतो हे डोळ्याने बघितलंय.

आणि एक सांगतो, येताना काही डेअऱ्यांची पिशवी हाताला गार लागते, काहींची नुसती थंडगार नाही तर ओली. ज्या पिशवीवर दव धरत नाही ती मी आधी वाटून टाकतो.

भास्करराव
पिशवीवर दव धरत नाही ही खूण चांगली आहे, पण हवा दमट असेल तर १२ अंशाच्या पिशवीवरही दव धरतं. फसवू शकते.

बर्फाबद्दल मी कचरतो. बर्फ कुठल्या पाण्याचा आहे ते आपल्याला माहीत नसतं. विरघळलेलं पाणी खालच्या क्रेटमध्ये उतरतं, आणि सीलला बारीक छिद्र असेल तर तेच पाणी आत ओढलं जातं. बर्फ टाकायचाच तर जाड पिशवीत बंद करून टाका.

पहाटपाळी
बंद पिशवीतला बर्फ फक्त वरच्या थराला गार करतो. मोकळा बर्फ खालपर्यंत जातो. तुमचं बरोबर असेल, पण मे महिन्यात मला दूध विकायचंय.

येरळाकाठ
मोजलं. तीन रात्रीचे आकडे जवळजवळ सारखेच आले, म्हणून लिहितो.

मशिनखालची पिशवी: सुरुवातीला ५. साडेसातला ७. साडेआठला ९ आणि शेवटच्या क्रेटमध्ये साडेअकरा अंश. म्हणजे १ नंबरचा व्हॅट ५ अंशाला भरला जातोय आणि ४ नंबरचा साडेअकरा अंशाला.

पहाटे अडीचला ४ नंबरच्या थप्पीतलं मधलं क्रेट साडेनऊ अंश. पाच तास कोल्ड रूममध्ये ठेवून दोनच अंश उतरलं! डिस्प्ले तेव्हा ३ दाखवत होता आणि थप्पीच्या कडेची पिशवी खरंच ५ होती. मी आजवर कडेचीच हात लावून बघायचो.

आईस बँकेत साडेआठला डोकावलो. कॉइलवर बर्फाचा पातळ पापुद्रा उरला होता, पाणी ८ अंश.

भास्करराव
आता चित्र दिसतंय. कोल्ड रूम गार दूध गार ठेवते. गरम दूध गार करणं तिच्याकडून होत नाही. चोवीस पिशव्या एका क्रेटमध्ये दाबून बसलेल्या, क्रेटवर क्रेट, थप्पीला थप्पी चिकटून. हवा आत जायला वाटच नाही. चिलरमध्ये जे काम काही सेकंदात होतं त्याला तिथे अख्खी रात्र पुरत नाही. म्हणून भरतानाच दूध ४-५ ला हवं. थप्प्यांमध्ये आणि भिंतीपासून हातभर मोकळी जागा ठेवा, खाली पॅलेट ठेवा, पण त्याने एखाद-दोन अंशच सुधारेल.

बर्फ संपतोय त्याचा हिशेब करू. एक किलो बर्फ विरघळताना जेवढी उष्णता ओढतो तेवढ्यात साधारण पावणेतीन लिटर दूध ३५ वरून ४ वर येतं. दोन हजार लिटरला म्हणजे सव्वासातशे किलो बर्फ, गळती-बिळती सोडून. तुमच्या टाकीत किती किलो बर्फ धरतो? कॉम्प्रेसर किती वाजता सुरू करता? आणि संध्याकाळचं संकलन कुठे गार करता?

येरळाकाठ
बनवणाऱ्याने ८०० किलो सांगितलंय. कॉम्प्रेसर दुपारी बारापासून, पण एप्रिलपासून दुपारी दोन-तीन तास लाईट जाते. आणि हो, संध्याकाळचं हजार लिटर सात ते आठच्या दरम्यान येतं, ते त्याच आईस बँकेवर गार करतो. ते दुसऱ्या दिवशीच्या पॅकिंगसाठी.

भास्करराव
मग गणित जमणारच नाही. ते हजार लिटर ३३ वरून ५ वर आणायला आणखी सव्वातीनशे किलो. एकूण साडेदहाशे किलोची मागणी आणि टाकीत पूर्ण भरली तर ८००, त्यात दुपारची लाईट गेलेली. पॅकिंग चालू असताना कॉम्प्रेसर थोडी भर घालतो, पण सात ते आठमध्ये जो ताण येतो त्याला तो पुरत नाही. हिवाळ्यात विहिरीचं पाणी गार, दूध कूलरमधून २७-२८ ला बाहेर येत असेल, लाईटही असते, त्यामुळे झाकून गेलं. तुमच्या ३ आणि ४ नंबरचं कोडं इथे सुटतं.

पण एवढ्यावर थांबू नका. साडेअकरा अंशाला भरलेलं दूध वाईट, तरी नीट स्वच्छ असतं तर दुसऱ्या सकाळी फाटायला नको होतं. कुठेतरी जंतू मिसळतायत. ते शोधायला लॅब लागत नाही. काचेच्या बाटल्या झाकणासकट कुकरमध्ये तीन-चार शिट्ट्या करून घ्या. एकाच व्हॅटचं दूध चार ठिकाणी घ्या: व्हॅटमधून गरम असतानाच, चिलरच्या तोंडाशी, मशिनवरच्या फ्लोट टाकीतून आणि भरलेल्या पिशवीतून. चारही बाटल्या एकाच बादलीत पाण्यात ठेवा, खोलीच्या तापमानाला. दर दोन तासांनी प्रत्येकातलं चमचाभर दूध परीक्षानळीत उकळून बघा. ज्या टप्प्यानंतर दूध लवकर फाटायला लागतं, घाण त्या टप्प्यात आहे.

बारामतीचा दूधवाला
हे चांगलं आहे, आम्हीही करून बघू. पण भास्करराव, ८० ला नेल्यापासून आमच्या तक्रारी कमी झाल्या हे मात्र खरंच आहे.

भास्करराव
नाकारत नाही. तुमच्याकडे भरताना काय तापमान असतं आणि लाईन कशी धुता हे माहीत नसताना मी ते ८० मुळेच झालं की नाही हे सांगू शकत नाही. एक आठवडा अर्धं दूध ६५ ला आणि अर्धं ८० ला करा, वेगळा नंबर छापा आणि रिटर्न मोजा. आकडे इथे टाका.

येरळाकाठ
चार बाटल्यांचा निकाल. रात्री आठला ठेवल्या होत्या. व्हॅटची बाटली दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उकळून चांगली. चिलरची तिच्या मागोमाग गेली, फार फरक नाही. फ्लोट टाकीची आणि पिशवीची मात्र पहाटे सहालाच फाटली, दोन्ही एकदमच.

म्हणजे चिलर आणि फ्लोट टाकीच्या मध्ये. सुनीलभाऊंना फोन केला, ते परवा येऊन गेले. चिलरपासून टाकीपर्यंतचा पाइप आम्ही रोज धुतो, कॉस्टिक फिरवतो. पण टाकीत शिरताना पाइपाचा जो जोड, युनियन, आहे त्याचं रबरी गॅस्केट चिरलेलं होतं. ते काढल्यावर मागच्या खाचेत पिवळसर, बुळबुळीत थर. नखाने खरवडला तर जुन्या चीजसारखा वास. टाकीच्या फ्लोट व्हॉल्व्हच्या दांड्याखालीही तेच. कॉस्टिक वरून जात होतं, खाचेत पोचत नव्हतं.

सुनील फिटर
फ्लोट टाकी आणि नोझल हे बहुतेक ठिकाणी धुण्याच्या फेऱ्यातून सुटतं. पाइपातून कॉस्टिक फिरतं, पण टाकीला वरून नुसता पाण्याचा फवारा मारतात. मी दादांच्या ऑपरेटरला दाखवून आलोय: रोज पॅकिंग संपल्यावर युनियन उघडायचा, गॅस्केट आणि फ्लोटचा दांडा सुटा करून ब्रशने घासायचा, नोझलची रबरं काढून वेगळी ठेवायची. कॉस्टिक ७० च्या वर गरम हवं, कोमट कॉस्टिकने साय सुटत नाही. पॅकिंग सुरू करायच्या आधी ८५-९० चं पाणी मशिनच्या तोंडापर्यंत फिरवायचं आणि पहिल्या काही पिशव्या बाजूला टाकायच्या. चिरलेलं गॅस्केट त्याच दिवशी बदलायचं, उद्यावर टाकायचं नाही.

सीलही बघितलं. आडव्या जॉचं पाणी साध्या टाकीतून फिरत होतं, रात्रीपर्यंत ते गरम होतं. ते गार पाण्याला जोडलं. टेफ्लॉन दोन्हीकडचं बदललं. स्टॅबिलायझर मात्र दादांनी अजून घेतला नाही.

मृण्मयी ठाणे
वाचून धक्का बसला. मग आम्ही घरी काय करायचं? आमच्याकडे पिशवी दाराला सहाला लावतात, मी आठला घेते.

भास्करराव
ताई, एकटी लटकलेली अर्ध्या लिटरची पिशवी सुरुवातीला दर तीनेक मिनिटांना एक अंश चढते, तिशीच्या हवेत. ५ ची पिशवी अर्ध्या तासात १४ च्या आसपास. दोन तासांत ती २५ च्या आसपास पोचते. शक्य असेल तर दाराशी झाकणाचा थर्माकोलचा डबा ठेवा. ते नाही जमलं तर घेतल्याबरोबर उकळा, मग फ्रिजमध्ये ठेवा. आठला घेऊन तशीच फ्रिजमध्ये टाकलेली पिशवी गार व्हायला आणखी कित्येक तास घेते.

फ्रिजच्या दारात दूध ठेवू नका, तिथलं तापमान सगळ्यात वर असतं.

येरळाकाठ
सध्या केलेलं सांगतो. संध्याकाळचं संकलन भावाच्या केंद्रावरच्या बल्क कूलरमध्ये वळवलं, त्याला स्वतःचा कॉम्प्रेसर आहे. आईस बँकेचा कॉम्प्रेसर सकाळी सातलाच चालू करतो. शेवटचं क्रेट आता ६ ला भरतंय. ४ नंबरची बाटली-टेस्ट पुन्हा केली, पिशवीची बाटली आता सकाळी अकरापर्यंत जाते. व्हॅटच्या बाटलीइतकी नाही, पण जवळ आली. रिटर्न खूप कमी झाले, पूर्ण थांबले नाहीत.

आता नवा प्रश्न. सांगलीतला एक मोठा दुकानदार तीन दिवसांची तारीख मागतोय, नाहीतर माल घेणार नाही म्हणतो. छापू का?

बारामतीचा दूधवाला
छापा. आम्ही छापतो. दूध टिकतंच ना.

भास्करराव
तारीख ठरवायची जबाबदारी तुमची आहे, म्हणून ती तुमच्याच दुधावर तपासून ठरवा. सगळ्यात वाईट पिशवी घ्या, म्हणजे उन्हाळ्यातली, शेवटच्या व्हॅटची, थप्पीच्या मधली. ती गाडीबरोबर मिरजेपर्यंत फिरवून परत आणा. मग निम्म्या पिशव्या ८ अंशाला आणि निम्म्या १० ला ठेवा, कारण गिऱ्हाइकाचा फ्रिज ८ ला असतोच असं नाही. दर बारा तासांनी एक पिशवी फोडून उकळून बघा, चव घ्या, आंबटपणा मोजा. १० ला ठेवलेल्या पिशव्या चौथ्या दिवसापर्यंत सलग चांगल्या निघाल्या, आणि हे दोन-तीन आठवडे वेगवेगळ्या दिवशी तसंच झालं, तर तीन दिवसांचा विचार करा. एखाद्या चांगल्या दिवसाच्या नमुन्यावर छापू नका. आणि त्या दुकानदाराचा फ्रिज रात्री बंद करतात का ते आधी बघून या. वीज वाचवायला बरेच जण करतात.

पहाटपाळी
तेच सांगणार होतो. त्या दुकानात मीही माल टाकतो. रात्री दहाला मेन स्विच पाडून जातात, सकाळी सातला चालू. त्याला तीन दिवस दिलेत तर तिसऱ्या दिवशीची शिवी तुम्हालाच बसेल.

दादा, फुटपाथच्या क्रेटचं काय ठरलं? जाड फोमची आवरणं मिळतात, मी चौकशी केली. पण त्याचे पैसे एजंटने का द्यायचे?

येरळाकाठ
आवरणं मी घेऊन देतो, पहिल्यांदा तुमच्या पॉइंटला. पण मोजणी तुम्ही करायची: गाडी आल्यावर एकदा आणि पोरं निघताना एकदा, दोन पिशव्यांमध्ये काडी धरून. थर्मामीटर उद्याच्या गाडीबरोबर पाठवतो. तीन दिवसांची तारीख सध्या छापत नाही, भास्कररावांनी सांगितलेल्या पिशव्या आजपासून ठेवतोय. स्टॅबिलायझरचं सुनीलभाऊ, किती केव्हीएचा घ्यायचा ते सांगा.

सुनील फिटर
मशिन एकटं असेल तर ५ चा भागेल असं वाटतं, पण कॉम्प्रेसर त्याच फेजवर आहे का ते आधी बघावं लागेल. गुरुवारी पलूसला येतोय, तेव्हा रात्री साडेआठला तुमच्याकडे थांबतो. व्होल्टेज त्याच वेळी मोजू.